चौदावा थांबा

संग्रहालयाच्या बाईंनी पीपीटी पाठवली तेव्हा सोबत दोनच वाक्यं होती: "अठ्ठावन्न स्लाइड आहेत, सहा दालनं आहेत, आणि माणसाचे पाय चाळीस मिनिटांत दुखायला लागतात. बाकी तुम्हाला कळेलच."

हे मला आवडलं. काम देणारी माणसं एरवी "जरा भावपूर्ण करा" म्हणतात आणि फोन ठेवतात.

मी बावीस वर्षं रेडिओत काढली. आता कानांसाठीच लिहिते, पण चालणाऱ्या माणसांच्या कानांसाठी. ऑडिओ गाइडचं लेखन म्हणजे स्लाइड मोठ्याने वाचून दाखवणं असं लोकांना वाटतं. स्लाइडवर पाच मुद्दे असतात, त्यांना टिंबं असतात, कंसात सनावळ्या असतात, "सोबतचे छायाचित्र पाहा" असतं. कानाला टिंब दिसत नाही की कंस दिसत नाही. त्याला आधी सांगावं लागतं की उभं कुठे राहायचं, मग बघायचं काय, मग त्या वस्तूची गोष्ट, आणि शेवटी कुठल्या हाताला वळायचं ते. एका थांब्याला साधारण सत्तर सेकंद, म्हणजे सव्वाशे-दीडशे शब्द. त्यापुढे माणूस ऐकत नाही, नुसता उभा राहतो.

हे संग्रहालय एका जुन्या साथरुग्णालयात होणार होतं. घटसर्पाची साथ यायची त्या काळात ते बांधलेलं. मधली कितीतरी वर्षं तिथे सरकारी कचेरी होती. आता बाईंनी जिद्दीने ती इमारत मिळवून खाटा, औषधांच्या बाटल्या, वाफेची यंत्रं, नर्सच्या टोप्या असं सगळं जमवलं होतं. मी एकदा जाऊन मार्ग पाहून आले होते, पण तेव्हा मधल्या बोळात फलकांच्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या आणि आम्ही आडवं होऊन त्यातून निघालो होतो.

मला कागदावर काम करायची सवय. पीपीटी खालच्या नोंदींसकट छापून घेतली, स्लाइड दालनांप्रमाणे लावल्या, कारण पीपीटीचा क्रम सभेतल्या लोकांसाठी असतो आणि चालणाऱ्याचा क्रम दारं ठरवतात. बावीस थांबे निघाले. बहुतेक स्लाइडखाली दोन-तीन ओळींच्या नोंदी होत्या. चौतिसाव्या स्लाइडखाली मात्र पान भरून मजकूर होता. वर एका दाराचं छायाचित्र. लाकडी दार, वरच्या अर्ध्या भागाला काच.

नोंद अशी होती: मुलांच्या वॉर्डात आयांना जायला मनाई होती. आई दारापर्यंत यायची, काचेतून बघायची. मुलांना नावाने नाही, खाटेच्या नंबराने ओळखत. एकोणीस नंबरच्या मुलाची आई रोज सकाळी यायची. तेराव्या दिवशी पहाटे मूल गेलं. मरणाची बातमी फक्त डॉक्टरांनी द्यायची असा नियम होता, आणि डॉक्टर दुसऱ्या गावच्या छावणीत अडकले होते. कामावरच्या सिस्टरने खाट पडद्याआड घेतल्याचं सांगितलं. आई विचारायची, कसा आहे? सिस्टर म्हणायची, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. असं चार दिवस.

बस, एवढंच. पुढे काही नाही.

संध्याकाळी मी दादाला वाचून दाखवलं. दादा माझा मोठा भाऊ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. चाळिशीत डोळे जायला लागले आणि पन्नाशीत पुरते गेले. मी लिहिलेलं सगळं आधी त्याच्या कानाखालून जातं, आणि तो फार छळतो. "डावीकडे सुंदर कपाट आहे" असं लिहिलं की म्हणतो, "कुणाच्या डावीकडे? कपाटाच्या?" त्या दिवशी मात्र चौदाव्या थांब्याला त्याने एकही खोट काढली नाही. पुढचे दोन थांबे वाचून झाल्यावर म्हणाला,

"चिमे, त्या बाईला कळलं कधी?"

"लिहिलं नाहीये."

"मग विचार."

"विचारते," म्हटलं आणि विसरले. आमच्या घरी कपड्यांचं मोठं कपाट आहे. त्यात गोधड्यांमध्ये तोंड घालून मी कच्चं रेकॉर्डिंग करते, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. खरं रेकॉर्डिंग नंतर एक नट करणार होते. कच्चं फक्त चालून बघायला, शब्द आणि पावलं जुळतात का ते. चौदावा थांबा कपाटात वाचताना मला वाटलं, कुणीतरी दाराबाहेर उभं आहे. दार उघडून पाहिलं. दादा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होता. मी पुन्हा आत बसले आणि वाचलं: "सिस्टर म्हणायची, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

चालून बघायचा दिवस संग्रहालय बंद असतानाचा ठेवला. बाई होत्या, मी होते आणि यंत्रं पुरवणारे साउंडवाले होते, तोंडात सतत बडीशेप असलेले. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक यंत्र, कानात इयरफोन, हातात कागद आणि घड्याळ. बाई साठीच्या आसपासच्या, काटक. एरवी भराभर चालायच्या, पण त्या दिवशी मुद्दाम पाहुण्यासारखं सावकाश चालत होत्या. पहिल्या दालनात त्यांनी दोन वाक्यं खोडली. तिसऱ्यात माझी चूक निघाली. मी "उजवीकडे वळा" म्हटलं होतं आणि तिथे खांब होता. "पाहुणे खांबाला नमस्कार करतील," बाई म्हणाल्या. आम्ही हसलो. चौथं दालन संपलं, बोळ लागला.

चौकटी आता लागल्या होत्या, बोळ मोकळा होता. डाव्या हाताची भिंत कोरी, नवा पांढरा रंग दिलेली. माझ्या कानात माझाच आवाज म्हणाला, डावीकडच्या काचेच्या दारासमोर थांबा. दार नव्हतं. मी कागदावर खूण करत होते तेवढ्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाईंनी इयरफोन ओढून काढला होता, यंत्र दोरीसकट जमिनीवर होतं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"तुमच्या पीपीटीत आहे. चौतीस नंबरची स्लाइड."

"ती मी लपवली होती."

मला समजायला एक क्षण लागला. स्लाइड लपवली की ती पडद्यावर येत नाही, पण छापताना येते, वेगळं सांगितलं नाही तर. मी ती कधी पडद्यावर पाहिलीच नव्हती.

"काढून टाका," बाई म्हणाल्या. "दारही नाहीये इथे. कचेरीवाल्यांनी केव्हाच विटा लावून बुजवलं." मग वाकून त्यांनी यंत्र उचललं, पदराने पुसलं, साउंडवाल्यांच्या हातात दिलं आणि उरलेली दोन दालनं आम्हाला एकट्यांनाच पाहायला सांगून निघून गेल्या.

साउंडवाले म्हणाले, "माझं काही चुकलं का? आवाज फार मोठा होता?"

"नाही," मी म्हटलं.

मी तो थांबा काढला. त्या जागी जोडवाक्य टाकलं: "बोळातून सरळ चालत या. डावीकडे भिंत राहू द्या. दहा-बारा पावलांवर पाचवं दालन." बारा सेकंदांचं काम. पुढच्या थांब्यांचे आकडे एकेकाने मागे आणले. कागदावर ते अगदी नीटनेटकं दिसत होतं. तरी घरी वाचताना मी दर वेळी तिथे अडखळायची. जीभ आपोआप थांबायची, जणू पुढचं वाक्य कुणीतरी हातात धरून ठेवलंय.

आठवड्याने दादाला घेऊन गेले. न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी मार्ग नीट सांगितला जातोय का हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? एका कानात इयरफोन, दुसरा कान मोकळा, हातात पांढरी काठी. बाई आल्या होत्या, पण मागे राहून चालत होत्या. दादा मजेत होता. वाफेच्या यंत्रापाशी हात लावून म्हणाला, "आमच्या एक्स्चेंजात असलाच चहाचा बंब होता."

बोळात माझा आवाज म्हणाला, सरळ चालत या. दादा चार पावलं चालला आणि थांबला. काठी खाली टेकवली, मग बुटाचा तळवा फरशीवर घासला. एक पाऊल मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"इथे काय होतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. चल."

"चल काय? फरशी बसलीये इथे. दगड झिजलाय, वाटीसारखा. मधे खोल, कडेला वर." त्याने काठीने भिंत ठोकली. टक, टक. मग अर्धा हात सरकून पुन्हा ठोकली. आवाज बदलला, पोकळ झाला. "आणि इथे दार होतं. चिमे, माणसं दारातून येजा करतात तेव्हा उंबरठा झिजतो. हा दाराच्या अलीकडे झिजलाय. इथे लोक नुसते उभे राहायचे."

मी खाली पाहिलं. नव्याने घासूनपुसून चकचकीत केलेल्या दगडी फरशीत खरोखरच एक उथळ खळगा होता. दोन पावलं शेजारी शेजारी मावतील एवढा. डोळ्यांना तो उजेडाचा डाग वाटला असता. चाळीस वर्षं रुग्णालय चालू होतं. चाळीस वर्षं बायका तिथे, त्याच जागी, टाचा वर करून काचेला डोळे लावून उभ्या राहिल्या असतील.

बाई पुढे आल्या. दादाच्या शेजारी उभ्या राहिल्या, पण खळग्यात पाय ठेवला नाही.

"ती सिस्टर माझी आई होती," त्या म्हणाल्या.

तिथे बसायला काही नव्हतं. साउंडवाल्यांनी पाचव्या दालनातून पाहुण्यांसाठी ठेवलेलं बाक ओढत आणलं. बाई बसल्या आणि भिंतीकडे बघतच सांगू लागल्या.

त्यांची आई तेव्हा एकवीस वर्षांची होती, नोकरीला वर्ष झालं नव्हतं. पुढे सगळा जन्म नोकरी केली, मेट्रन झाली, लोकांनी हारतुरे केले. हे मात्र कधी बोलली नाही. शेवटच्या दोन वर्षांत बाकी सगळं विसरली, मुलीचं नावसुद्धा, आणि हे एक उरलं. दाराशी कुणीही आलं, दूधवाला, शेजारीण, डॉक्टर, की उठून आड उभी राहायची आणि म्हणायची, आत्ताच डोळा लागलाय त्याचा.

"मी विचारून विचारून ती नोंद लिहिली," बाई म्हणाल्या. "पीपीटीत घातली. समितीपुढे दाखवायच्या आदल्या दिवशी लपवली. हिंमत झाली नाही."

दादाने विचारलं, "त्या बाईला कळलं कधी?"

बाईंनी पदर सारखा केला.

"फाटकावर रोज फळा लावायचे. नंबर आणि पुढे तब्येत. गेलेल्याचा नंबर पुसायचे, आणि घरी कार्ड टाकायचे. कार्ड गेलं तिच्या गावी. ती तर इथे फाटकासमोर धर्मशाळेत. चार दिवस फळ्यावर एकोणीस नंबर नाही. ती माझ्या आईला विचारायची, फळ्यावर का नाही? आई म्हणायची, खडू संपला असेल. पाचव्या दिवशी त्या खाटेवर नवं मूल आलं. फळ्यावर लिहिलं, एकोणीस, सुधारणा आहे." बाईंनी हात मांडीवर उलटे ठेवले. "ती त्याचे कपडे घेऊन आली. न्यायला. धुतलेले, घडी घातलेले. म्हणाली, सिस्टर, आज तरी तो जागा आहे ना? आणि आईने काचेतून बघितलं, आणि पुन्हा तेच म्हणाली. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं. आई तेव्हा आत होती. बाहेर काय झालं ते तिने बघितलं नाही. फक्त ऐकलं."

"काय ऐकलं?" मी विचारलं.

"काही नाही. काही आवाज आला नाही म्हणाली. मोठ्याने रडली असती तर बरं झालं असतं म्हणाली."

साउंडवाले तोंडातली बडीशेप चघळायचं विसरले होते.

त्यानंतर दोन आठवडे बाई आणि मी त्या एका थांब्यावर भांडलो. त्यांनी स्वतः मसुदा लिहून पाठवला. त्यात नियम होते, साथीचे आकडे होते, सिस्टर किती तरुण होती, दिवसाला किती मुलं दगावत होती. सगळं खरं होतं. मोजलं तर चार मिनिटं भरलं.

"एवढा वेळ कुणी उभं राहणार नाही," मी फोनवर म्हटलं.

"मग माझ्या आईला खोटारडी ठरवून पुढे जायचं?"

"तिला काहीच ठरवायचं नाही."

"फलकावरचं माणूस नको असेल तर वाचत नाही हो. कानात बोलता तुम्ही. कानाला पापणी नसते."

मसुदा दादाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "कारणं फलकावर लावा, ज्याला हवी तो वाचेल. कानात झालं ते सांगा. आणि चिमे, झिजलेल्या दगडावर उभं करून सांगा."

मी तसंच लिहिलं. बाईंनी सहा वेळा वाचलं, एक शब्द बदलला. मी "खोटं" लिहिलं नव्हतं, त्यांनी घातलं. शेवटी ते असं झालं:

"इथे थांबा. पायाखालची फरशी पायांनी चाचपून बघा. एक खळगा लागेल. त्यात उभे राहा. समोरच्या भिंतीत एक दार होतं, त्याला काच होती. मुलांच्या आया इथवर यायच्या, पुढे नाही. एकोणीस नंबरच्या मुलाची आई सतरा दिवस आली. बारा दिवस मूल आत होतं. त्यानंतर ते नव्हतं. ती विचारायची, कसा आहे? आतून एकवीस वर्षांची सिस्टर म्हणायची, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. ते खोटं होतं. सिस्टरने ते नव्वदाव्या वर्षापर्यंत लक्षात ठेवलं. आईचं नाव आपल्याकडे नाही. निघायची घाई नाही. हवा तेवढा वेळ इथे उभे राहा."

आणि मग वीस सेकंद काही नाही. अगदी कोरी शांतता कानात टाकली की ऐकणाऱ्याला यंत्र बंद पडलं असं वाटतं. म्हणून साउंडवाल्यांनी त्या बोळातली शांतताच रेकॉर्ड केली. एका सकाळी आम्ही चौघं, दादासुद्धा, न हलता उभे राहिलो, आणि त्यांनी वीस सेकंदांची ती हवा टिपून घेतली. तीच शेवटी जोडली. त्यानंतर पुढच्या दालनाकडे वळायची सूचना.

नटांनी बाकीचे एकवीस थांबे झकास वाचले. चौदावा त्यांनी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तो फार चांगला झाला. बाई म्हणाल्या, "नको. त्यांना कळतंय की हे दुःखाचं आहे." आणि माझं कपाटातलं वाचन ठेवायला सांगितलं. नवा मजकूर मी पुन्हा गोधड्यांत बसून वाचला. सगळ्या दौऱ्यात पुरुषाचा आवाज आणि तेवढ्या एका जागी माझा.

संग्रहालय उघडून दोन महिने झाले तेव्हा साउंडवाल्यांचा फोन आला. यंत्रांत नोंद राहते, कुठला थांबा किती वेळ वाजला, पुढचा आकडा कधी दाबला. चौदाव्या थांब्याचं ध्वनिमुद्रण सगळं मिळून दीड मिनिटाचं, आणि लोक तिथे सरासरी पावणेचार मिनिटं राहत होते. "यंत्र अडकतंय की काय म्हणून मी सगळी बदलून पाहिली," ते म्हणाले. "तरी तेच."

"उभे राहत असतील. आपणच सांगितलंय."

"ते ठीक आहे हो. पण तिकिटाच्या खिडकीवरची मुलगी म्हणते, यंत्र परत देताना लोक विचारतात, चौदाव्या थांब्याला ती दुसरी बाई कोण बोलते?"

"मी बोलते. बाकी ठिकाणी पुरुष आहे, म्हणून विचारत असतील."

"मीही तेच सांगितलं. तर म्हणतात, ती नाही. तिच्यानंतरची. हळू बोलते ती."

मी ती फाइल घरी मागवून घेतली. ऐकली, आवाज वाढवून ऐकली. वीस सेकंदांत दूरवरचा एक पक्षी होता, कुणाच्या तरी कापडाची सळसळ होती, आम्हा चौघांपैकी कुणाचा तरी श्वास होता. दादाला ऐकवली. एक्स्चेंजात पंचवीस वर्षं खरखरीतून माणसांचे आवाज निवडून काढलेले कान ते. त्याने दोनदा ऐकली.

"कुणी बोलत नाहीये," तो म्हणाला. मग इयरफोन काढला. "पण श्वास पाच आहेत."

"अरे, आम्ही चौघंच होतो."

"मीही होतो ना त्यात. म्हणूनच म्हणतोय."

मी मोजायचा प्रयत्न केला, मला जमलं नाही. बाईंना सांगावं की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं, सगळं, श्वासांसकट. साउंडवाले म्हणत होते की शांततेचा तो तुकडा बदलून दुसरा टाकू, कुणाच्या लक्षातही येणार नाही. बाई म्हणाल्या, आधी मी ऐकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे गेले तेव्हा त्या यंत्र गळ्यात घालून पाहुण्यांच्या रांगेत होत्या. पहिल्या दालनापासून सगळे थांबे क्रमाने ऐकत निघाल्या. मी मागे राहिले. बोळात एक जोडपं भिंतीसमोर उभं होतं. ते हलेपर्यंत बाई थांबल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी त्या खळग्यात पाय ठेवले. चपला काढून. दीड मिनिट झालं. त्यांनी पुन्हा आकडा दाबला. पुन्हा दाबला. मागे माणसं जमू लागली आणि बाजूने निघून गेली.

बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे आल्या. इयरफोन गळ्यात लोंबत होता.

"मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या.

"बरं झालं," मी म्हटलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "बरं नाही झालं." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "फाइल बदलू नका. साउंडवाल्यांना सांगा, हात लावायचा नाही."

आता दुपारी, गर्दी ओसरली की बाई यंत्र घेऊन बोळात जातात. खिडकीवरची मुलगी त्यांच्यासाठी एक यंत्र चार्ज करून वेगळं ठेवते.